बंद टीव्हीवर गेलेला बाण

लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड करून देणारं एखादं डीटीपीचं दुकान घ्या. ऑपरेटरपुढे त्याचा मॉनिटर असतो आणि गिऱ्हाइकाला प्रूफ नीट वाचता यावं म्हणून वर भिंतीवर एक टीव्ही टांगलेला असतो. दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडलेले. मुलीचे वडील टीव्हीकडे बघत नावांमधल्या चुका सांगतात, ऑपरेटर खाली दुरुस्त करतो. रात्री दुकान वाढवताना टीव्ही रिमोटने बंद होतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा, तर माउसचा बाण पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत जातो आणि तिथून गायब. पत्रिकेची फाइल उघडावी, तर खाली टास्कबारवर चिन्ह येतं, पण समोर काहीच दिसत नाही. चिन्हावर पुन्हापुन्हा क्लिक केलं, की विंडो तिकडच्या तिकडे मिनिमाइज होते आणि तिकडच्या तिकडे उघडते. इकडे फक्त गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागतं.

कॉम्प्युटर बिघडलेला नाही. तो रात्रीच्या टीव्हीवर अजून काम करतोय, एवढंच.

विंडोजला दोन पडदे जोडले, की त्याच्या हिशेबी दोन वेगळे पडदे नसतातच. आलेखाचा एकच मोठा कागद असतो आणि पडदे म्हणजे त्यावरचे दोन चौकोन. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य. साधा फुल एचडी मॉनिटर 1920 ठिपके रुंद असतो, म्हणजे तो 0 पासून 1919 पर्यंतची जागा घेतो. उजवीकडे जोडलेला तसाच टीव्ही 1920 ला सुरू होतो आणि 3839 ला संपतो. दुसरा पडदा डावीकडे असला तर आकडे उणे होतात. आपल्या दुकानातली पत्रिकेची विंडो समजा 2300 या आकड्यावर उघडली आहे. विंडोजच्या दृष्टीने ती ठीकठाक जागी आहे. ती जागा बघायला समोर चालू पडदा नाही, ही अडचण फक्त माणसाची.

आता इथे दोन वेगळे आजार असतात आणि लोक दोघांवर एकच औषध घेतात. पहिल्यात पडदा बंद असतो, पण कॉम्प्युटर तो अजून धरून असतो. दुसऱ्यात पडदा हिशेबातूनही गेलेला असतो, पण एखाद्या प्रोग्रामला त्याची आठवण राहिलेली असते. यातला कोणता आजार आहे हे माउसचा बाणच सांगतो. बाण फक्त त्याच जागेत फिरू शकतो जी विंडोज पडदा म्हणून मोजतं. म्हणून तो चारही कडांवर दाबून बघायचा. कुठल्याही कडेतून पलीकडे गेला, तर तिकडे अजून एक पडदा मोजला जातोय. चारही बाजूंना अडला, तर पडदा एकच उरला आहे.

या तपासणीत एक फसगत होते. बाणाचं टोक डावीकडे वर असतं आणि विंडोज त्या टोकालाच बाणाची जागा मानतं. त्यामुळे उजव्या किंवा खालच्या कडेला बाण अडला, तरी त्याचं सगळं अंग कडेबाहेर जातं आणि तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. खरं काय ते परत आणताना कळतं. उजवीकडे माउस चांगला लांब ढकला आणि मग हलकेच डावीकडे सरकवा. लगेच दिसला तर तो कडेलाच उभा होता. बराच वेळ ओढावं लागलं तर तो पलीकडे जाऊन आला. शिवाय दोन चौकोन कागदावर वरखाली असतील, तर बाण सहसा कडेच्या फक्त एकमेकांना चिकटलेल्या भागातून पार होतो. म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी ढकलून बघावं.

टीव्ही बंद असताना कॉम्प्युटर तो का मोजतो? याचं उत्तर एचडीएमआय केबलमध्ये आहे. त्या केबलच्या एका तारेतून कॉम्प्युटर पलीकडे 5 व्होल्ट वीज पाठवतो. पडद्यात एक छोटी चिप असते, जिच्यात त्याचं नाव आणि त्याला जमणारी रिझोल्यूशन लिहिलेली असतात. ही चिप वाचता यावी म्हणूनच ही वीज. ‘पलीकडे पडदा आहे’ हा इशारा बऱ्याच पडद्यांमध्ये याच विजेवर परत येतो. म्हणजे टीव्ही रिमोटने बंद असो किंवा भिंतीवरचं बटण बंद असो, केबल खोचलेली असेपर्यंत टीव्ही हजर असल्याचा इशारा येत राहू शकतो. लॅपटॉपवाल्यांच्या बाबतीत गुन्हेगार बहुधा अडॅप्टर असतो. प्रोजेक्टरची केबल काढली जाते, पण तिच्यासाठी लावलेला छोटा अडॅप्टर लॅपटॉपलाच राहतो, आणि काही अडॅप्टर स्वतःच पडदा असल्याचं सांगतात. तोही काढून टाकला, की प्रश्न मिटतो.

दुकानातल्या सकाळीचा उपाय म्हणजे विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबणे. माउस लागत नाही, म्हणूनच हा उपाय पहिला. चार पर्याय दिसतात: `PC screen only`, `Duplicate`, `Extend` आणि `Second screen only`. वरखालीच्या बाणांनी पहिल्यावर जाऊन एंटर दाबला, की विंडोज टीव्ही हिशेबातून काढतं. माउसचा बाण लगेच इकडे येतो आणि तिकडे अडकलेल्या विंडोही मॉनिटरवर सरकतात. घाईत शेवटचा पर्याय निवडला गेला तर समोरचा मॉनिटरच काळा होईल. तेव्हा घाबरून प्लग उपटू नये. टीव्ही चालू करावा, सगळं तिथे दिसेल, आणि तिथूनच पुन्हा पर्याय बदलावा. गिऱ्हाईक आलं आणि टीव्ही लावला, की परत `Extend` करावं लागेल, हे मात्र लक्षात ठेवायचं.

रोज हे करायचं नसेल आणि फक्त एखादीच विंडो इकडे हवी असेल, तर ऑल्ट धरून टॅब दाबत त्या विंडोवर या, सोडा, आणि मग विंडोजचं बटण आणि शिफ्ट धरून डावीकडचा बाण दाबा. विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. हे जोड-बटण फार थोड्यांना माहीत असतं आणि दोन पडद्यांवर काम करणाऱ्याला ते एरवीही उपयोगी पडतं.

बाण चारही बाजूंना अडतो, पण पत्रिकेची विंडो अजूनही दिसत नाही, तर आजार दुसरा. टीव्ही दुरुस्तीला नेला, केबलही काढली. पडदा गेला की विंडोज उघड्या विंडो उरलेल्या पडद्यावर आणतं. पण कित्येक प्रोग्राम बंद होताना आपली जागा स्वतः टिपून ठेवतात आणि उघडताना तिथेच जाऊन बसतात. टिपलेली जागा आता पडद्यावर आहे का, हे काहीजण बघतच नाहीत. आकडा 2300, पडदा संपतो 1919 ला. रिस्टार्टने इथे काहीच होत नाही, कारण आकडा फाइलमध्ये किंवा रजिस्ट्रीत लिहिलेला असतो. मघाचं उडीचं जोड-बटणही निकामी, कारण उडी मारायला दुसरा पडदाच नाही.

इथे जुनी युक्ती लागू पडते. ऑल्ट-टॅबने ती विंडो निवडा. मग ऑल्ट धरून स्पेसबार दाबा आणि नंतर एम. विंडोचा मेनू तिकडे पडद्याबाहेर उघडला तरी चालतं, तो दिसायची गरज नाही. आता बाणांच्या चार बटणांपैकी कुठलंही एक दाबा, एकदाच. हे दाबणं लोक विसरतात आणि युक्ती चालत नाही म्हणतात. त्या एका दाबण्यानंतर विंडो माउसला चिकटते. माउस हलवला की ती बाणाबरोबर पडद्यावर येते, क्लिक केलं की सुटते. विंडो मॅक्झिमाइज केलेली असेल तर हलवायचा पर्याय बंद असतो. आधी ऑल्ट-स्पेस आणि आर दाबून ती लहान करावी, मग पुन्हा सुरुवात.

काही नव्या प्रोग्रामना हा मेनू कीबोर्डने उघडता येत नाही. त्यांच्यासाठी शिफ्ट धरून टास्कबारवरच्या चिन्हावर राइट क्लिक करा, तिथे `Move` मिळतो. त्याच प्रोग्रामच्या दोन-तीन विंडो उघड्या असतील, तर आधी चिन्हावर माउस धरून हव्या त्या छोट्या चित्रावर राइट क्लिक करायचं. विंडोजचं बटण आणि वरचा बाण दाबून विंडो मॅक्झिमाइज केली तरी ती सहसा समोर येते, पण ती तात्पुरती सोय. लहान केली की ती पुन्हा आपल्या 2300 वर पळते.

विंडो परत आणल्यावर प्रोग्राम एकदा नीट बंद करा, फुलीवर क्लिक करून. नवी जागा तेव्हाच टिपली जाते. टास्क मॅनेजरमधून मारून टाकला तर जुनाच आकडा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच खेळ.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्जमध्ये `System`, मग `Display`, मग `Multiple displays` इथे या कामाच्या दोन चौकटी आहेत. `Remember window locations based on monitor connection` ही चालू असली, की पडदा परत जोडल्यावर विंडो आपापल्या जागी जातात. `Minimize windows when a monitor is disconnected` ही चालू असली, की पडदा गेल्यावर त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइज होतात. विंडो हरवली अशी तक्रार कधी कधी या दुसऱ्या चौकटीमुळे असते. ती टास्कबारवर निवांत असते आणि साध्या क्लिकने वर येते.

दुकानासाठी मात्र मला याहून उपयोगी वाटतो तो चौकोनांच्या मांडणीतला बदल. `Display` च्या त्याच पानावर वर 1 आणि 2 आकड्यांचे चौकोन दिसतात आणि ते माउसने ओढता येतात. आपला हात सर्वांत जास्त वेळा उजव्या कडेला जातो, स्क्रोलबारसाठी. टीव्हीही नेमका तिथेच असल्याने बाण दिवसभर तिकडे घसरत राहतो. टीव्हीचा चौकोन वर नेऊन मॉनिटरच्या एका वरच्या कोपऱ्याला तिरका लावा, कोपऱ्याला कोपरा लागेल असा, आणि `Apply` करा. मग बाणाला पलीकडे जायची वाट सहसा फक्त त्या कोपऱ्यातून उरते. वरचा उजवा कोपरा मात्र टाळा, कारण विंडो बंद करायची फुली तिथेच असते. डावा कोपरा घ्या. गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवायचं, तेव्हा विंडो ओढत न्यायच्याऐवजी शिफ्टवालं जोड-बटण वापरा.