बोडे आलेखातून अ‍ॅम्प्लिफायरची स्थिरता

फीडबॅक असलेला अ‍ॅम्प्लिफायर स्थिर राहील की आपोआप आंदोलने निर्माण करील, हे बोडे आलेख सांगतो. बेल प्रयोगशाळेतील हेन्ड्रिक बोडे यांचे नाव मिळालेल्या या आलेखात लूप गेन (डेसिबलमध्ये) आणि फेज, दोन्ही वारंवारतेसमोर मांडतात. फीडबॅकच्या ऋण चिन्हाचे 180 अंश फेजमध्ये धरत नाहीत.

आधी लूप गेन 0 डेसिबलला जेथे छेदतो ती वारंवारता शोधावी. तेथील फेज −180 अंशांपेक्षा जितकी वर, तितका फेज मार्जिन. मग फेज −180 अंशांवर पोचते तेथील गेन पाहावा. तो 0 डेसिबलच्या जितका खाली, तितका गेन मार्जिन.

समजा, एका ऑप-अ‍ॅम्पचा डीसी गेन 100 डेसिबल असून त्याचे पोल 10 हर्ट्झ, 1 आणि 10 मेगाहर्ट्झवर आहेत. आउटपुट पूर्णपणे इनपुटकडे परत दिले, तर गेन सुमारे 0.78 मेगाहर्ट्झवर 0 डेसिबल होतो. तेथे फेज −133 अंश, म्हणजे मार्जिन 47 अंश. सुमारे 3.2 मेगाहर्ट्झवर फेज −180 होते आणि गेन −21 डेसिबल असतो. गेन मार्जिन 21 डेसिबल. हा अ‍ॅम्प्लिफायर स्थिर आहे.

आता आउटपुटवर 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला आणि आउटपुट रोध 100 ओहम असला, तर 159 किलोहर्ट्झवर नवा पोल येतो. छेदबिंदू 0.37 मेगाहर्ट्झवर सरकतो, पण फेज मार्जिन जेमतेम 1 अंश उरतो. मग इनपुटला चौकोनी तरंग दिल्यास प्रत्येक कडेनंतर ऑसिलोस्कोपवर दीर्घकाळ थरथर दिसते. म्हणून साधारणतः 45 ते 60 अंश मार्जिन ठेवतात.