हयातीचा दाखला: प्रत्येक पेन्शनची तारीख वेगळी

‘नोव्हेंबर आला, बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन येते,’ असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचं चुकत नाही, पण दोन पेन्शन घेणाऱ्यांच्या बाबतीत ते अर्धंच बरोबर असतं.

समजा, एका बाईंना रेल्वेत नोकरीला असलेल्या पतीचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्या स्वतः खासगी कारखान्यात होत्या म्हणून ईपीएस-९५ चं पेन्शनही मिळतं. रेल्वेचं पेन्शन केंद्र सरकारचं, त्यामुळे त्याचा दाखला दर नोव्हेंबरात द्यायचा. वय ८० च्या पुढे असेल तर तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्य निर्वाह निधीचं, म्हणजे ईपीएसचं, तसं नाही. तिथे दाखला वर्षात कधीही दिला तरी चालतो आणि दिल्या दिवसापासून १२ महिने तो ग्राह्य असतो. बाईंनी तो १२ मार्च २०२५ ला दिला असेल, तर पुढचा दाखला मार्च २०२६ च्या आत हवा. त्यांनी नोव्हेंबरात रेल्वेचा दाखला दिला आणि ‘यंदाचं काम झालं’ म्हणून निश्चिंत झाल्या, की एप्रिलनंतर ईपीएसची रक्कम खात्यावर येणं थांबतं. बँकेत चौकशी केली की कळतं, कारण एकच: दाखला नाही.

आधार एकच असला तरी एका दाखल्यावर दोन्ही पेन्शन चालू राहत नाहीत, कारण दाखला माणसाला नव्हे, पीपीओ क्रमांकाला जोडलेला असतो. जितके पीपीओ, तितके दाखले. राज्य सरकारच्या निवृत्तांसाठी बँकेच्या शाखेत कोषागाराची यादी येते, तिथे आपल्या नावापुढे सही करायची असते. विमा कंपनीची ॲन्युइटी असेल तर तिची तारीख आणखी वेगळी, पॉलिसीच्या अटींप्रमाणे. पीपीओ आणि ॲन्युइटी पॉलिसीच्या क्रमांकापुढे शेवटचा दाखला कधी दिला ते पेन्सिलीने लिहून ठेवलं, तर पुढची तारीख आपोआप दिसते.

डिजिटल दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. आधी बोटांचे ठसे किंवा बुबुळ लागायचं. कष्टाची कामं केलेल्या आणि वयस्क माणसांची बोटं इतकी झिजलेली असतात की यंत्र ठसा घेतच नाही, आणि बिचारा माणूस पुन्हा पुन्हा अंगठा दाबत राहतो. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, त्यामुळे यातून सुटका झाली. फोनमध्ये AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan ही दोन ॲप घ्यायची. फोन ज्याच्या हातात आहे, मुलगा असो वा सून, त्याची आधारने ओळख आधी पटते, मग पेन्शनरची. समोरून उजेड हवा, खिडकीकडे पाठ नको, चष्मा काढलेला बरा. ॲप सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. एवढं करूनही ओळख पटत नसेल, तर आधारचं बायोमेट्रिक कुणी लॉक करून ठेवलंय का ते पाहा. सुरक्षेसाठी घरच्यांनी केलेलं असतं आणि मग विसरलं जातं.

सगळ्यात मोठी गफलत यापुढे होते. फोनवर प्रमाण आयडी आला की लोकांना वाटतं, झालं. तो आयडी म्हणजे दाखला तयार होऊन पाठवला गेला, एवढंच. तो स्वीकारायचा की नाही हे पेन्शन देणारी संस्था ठरवते. पीपीओ किंवा खाते क्रमांकातला एक आकडा चुकला, पेन्शन देणारी बँक निवडताना जुनीच निवडली, तर दाखला नाकारला जातो. म्हणून काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर तो आयडी टाकून ‘स्वीकारला’ असं दिसतं का हे पाहायचं. नाकारला असेल तर नव्याने दाखला भरायचा. पुनर्विवाह केलेल्या किंवा पुन्हा नोकरी लागलेल्या पेन्शनरांना हा डिजिटल मार्गच नाही. त्यांनी कागदी दाखला थेट बँकेत द्यायचा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येतो, शुल्क ७० रुपये. मुलांकडे परदेशात राहणाऱ्या आईवडिलांना भारतीय दूतावासातून दाखला साक्षांकित करून पाठवता येतो.

एक फसवणूक मात्र सध्या सर्रास होते. ‘तुमचा दाखला राहिलाय, आम्ही फोनवरच भरून देतो’ असं सांगून पीपीओ क्रमांक आणि ओटीपी मागतात. समोरच्याला तुमचं नाव, पीपीओ, निवृत्तीची तारीखही माहीत असू शकते. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगून हयातीचा दाखला कधीच निघत नाही. फोन ठेवून द्यायचा आणि शाखेत जायचं.

आणि पेन्शन थांबलंच, तर घाबरू नये. ते बुडत नाही. दाखला नोंदला गेला की पेन्शन पुन्हा सुरू होतं आणि मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळते. केंद्र सरकारच्या पेन्शनमध्ये मात्र खंड ३ वर्षांपेक्षा मोठा झाला तर वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि प्रकरण लांबतं, म्हणून पहिला हप्ता चुकला त्याच महिन्यात पासबुक घेऊन बँकेत विचारावं.