क्वार्टरची किंमत आणि गावाचा प्याला

दारू किती प्यायची हे पिणारा स्वतः ठरवतो, असे सगळे मानतात. पिणाराही मानतो. पण एका माणसाऐवजी सगळा तालुका किंवा सगळा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला, की वेगळेच चित्र दिसते. जिल्ह्यात एकूण किती दारू रिचवली जाते, यात बाटलीवरची किंमत, त्यात दडलेला कर आणि दुकानाचे शटर किती वाजता पडते, या तीन गोष्टींचा मोठा वाटा असतो. धाराशिवपुरते बोलायचे तर हा हिशेब देशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीपासून, म्हणजे क्वार्टरपासून सुरू होतो.

10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. देशी मद्यावरचे शुल्क प्रूफ लिटरमागे 180 रुपयांवरून 205 रुपये झाले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर, म्हणजे साध्या भाषेत ‘इंग्लिश’वर, उत्पादन खर्चाच्या तिप्पट शुल्क होते, ते साडेचार पट झाले. क्वार्टरची किमान किरकोळ किंमत देशीसाठी 80 रुपये आणि इंग्लिशसाठी 205 रुपये ठरली. दोघांच्या मधे ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यापासून बनणारा नवा प्रकार आणला गेला, त्याची क्वार्टर 148 रुपयांची.

यातला ‘प्रूफ लिटर’ हा शब्द सरकारी वाटतो, पण आरोग्याच्या दृष्टीने तोच कामाचा आहे. प्रूफ लिटरवरचा कर बाटलीतल्या पाण्यावर नसून अल्कोहोलवर असतो. लेबलवर 42.8 टक्के असे लिहिलेली दारू म्हणजे 75 प्रूफ. तिच्या एका लिटरमध्ये पाऊण प्रूफ लिटर भरते आणि एका क्वार्टरमध्ये 0.135. म्हणजे अशा देशी क्वार्टरवर पूर्वी सुमारे 24 रुपये शुल्क बसायचे, आता सुमारे 28 रुपये बसते. वाढ साडेतीन रुपयांच्या आसपास. शरीराच्या बाजूने पाहिले तर त्याच बाटलीत साधारण 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. दहा ग्रॅमचा एक पेग धरला तर सहा पेग. यकृताला बाटलीवरचे नाव कळत नाही, त्याला हे ग्रॅम कळतात.

किंमत वाढली की लोक दारू कमी पितात का? पितात, पण सारखी कमी नाही. या विषयावरच्या 112 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण अलेक्झांडर वॅगेनार आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केले. किंमत दहा टक्क्यांनी वाढली, तर एकूण खप सरासरी पाच टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. अट्टल पिणाऱ्यांमध्ये मात्र ही घट तीन टक्क्यांहूनही कमी होती. हे अभ्यास बहुतांश पाश्चात्त्य देशांतले आहेत, त्यामुळे तोच आकडा इथे जसाच्या तसा लागेल असे नाही. पण दिशा ओळखीची आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मित्रांबरोबर बसणारा किंमत वाढली की हात आखडतो. रोज संध्याकाळी पाय आपोआप दुकानाकडे वळणारा तितका आखडत नाही.

याचा घरखर्चावर काय परिणाम होतो, ते मांडून पाहण्यासारखे आहे. रोज एक देशी क्वार्टर पिणारा मजूर धरा. क्वार्टर 70 रुपयांना असताना महिन्याला त्याचे 2100 रुपये जायचे. ती 80 ला गेली, म्हणजे चौदा टक्के वाढली. वरच्या हिशेबाने त्याचे पिणे चार टक्क्यांनी घटेल, म्हणजे महिन्याला तीसऐवजी जेमतेम 29 क्वार्टर. खर्च मात्र 2300 रुपयांवर जाईल. दारू एका क्वार्टरने कमी झाली आणि घरातून दोनशे रुपये जास्त गेले. किराणा आणायला पैसे कुठून काढायचे, हा प्रश्न मग त्याच्या बायकोपुढे येतो. कराने दारू सुटते, असे घाईने सांगणाऱ्यांनी हे दोनशे रुपये नजरेआड करू नयेत.

मग सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक किंमतवाढीच्या बाजूने का बोलतात? कारण त्यांच्यासमोर हा एकच मजूर नसतो. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ सुली लेडरमन यांनी 1956 मध्ये मांडलेली कल्पना, पुढे बऱ्याच दुरुस्त्या होऊनही, गाभ्यात टिकली आहे. एखाद्या समाजात सरासरी पिणे वाढले की अति पिणाऱ्यांची संख्याही वाढते आणि सरासरी उतरली की तीही उतरते. आजचा रोजचा पिणारा हा दहा वर्षांपूर्वीचा कधीमधी पिणाराच असतो. त्या टप्प्यावरच्या तरुणाला किंमत अडवते. शिवाय महाराष्ट्रात न पिणारेच जास्त आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातले पंधरा वर्षांवरील सुमारे 14 टक्के पुरुष दारू पितात, स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. नव्याने सुरुवात करू शकणाऱ्यांची रांग मोठी आहे, असाही याचा अर्थ होतो.

किमान किंमत ठरवण्याचा सर्वांत बारकाईने तपासलेला प्रयोग स्कॉटलंडचा. तिथे 1 मे 2018 पासून दर आठ ग्रॅम अल्कोहोलला किमान 50 पेन्स अशी किंमत ठरली. दारू कुठलीही असो, त्याखाली विकायची नाही. विक्री सुमारे तीन टक्क्यांनीच घटली. पण 2020 अखेरपर्यंत, निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी कमी भरले, आणि सर्वांत मोठी घट गरीब वस्त्यांत दिसली. कारण स्वस्तातली कडक दारूच महागली होती. त्याच वेळी, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी काहींनी जेवणाला आणि बिलांना कात्री लावली पण प्याला सोडला नाही, हेही तिथल्या अभ्यासांत नोंदले गेले. आपल्या मजुराचे दोनशे रुपये तिथेही दिसले म्हणायचे.

आता पुन्हा 80 आणि 205 या आकड्यांकडे वळू. दोन्ही बाटल्यांवर 42.8 टक्केच असेल, तर दहा ग्रॅम अल्कोहोल देशीत तेरा रुपयांना पडते आणि इंग्लिशमध्ये सुमारे चौतीसला. ही तफावत मोठी आहे. इंग्लिश आवाक्याबाहेर गेली, म्हणून माणूस पिणे सोडेलच असे नाही. तो एक पायरी खाली उतरून देशीवर येऊ शकतो. तेवढ्याच पैशात मग त्याला अडीच पट अल्कोहोल मिळते. 148 ची मधली पायरी ही गळती कदाचित थोडी थोपवेल. पण स्कॉटलंडच्या अनुभवाने पाहिले, तर आरोग्यासाठी सर्वांत महत्त्वाची किंमत तळाच्या बाटलीची. आणि आपल्याकडे नेमकी तीच सर्वांत कमी वाढली. महसुलाचा विचार करणाऱ्याला वरची बाटली दिसते, आरोग्याचा विचार करणाऱ्याने तळाची पाहावी.

तळाच्याही खाली एक पायरी आहे, ती हातभट्टीची. तिच्यावर कर नाही, लेबल नाही, शटरही नाही. तिच्यात मिथेनॉल मिसळले तर काय होते, हे 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. शंभराहून अधिक माणसे गेली. चंद्रपूर जिल्ह्यातली 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठवताना सरकारने अवैध दारूचेच कारण पुढे केले होते. आणि पायरी खाली उतरता येते तशी बाजूलाही सरकता येते. उमरगा तालुक्याला कर्नाटकची हद्द लागून आहे, तिकडे कराचे गणित निराळे. फिनलंडने अशाच शेजाऱ्याच्या भीतीने, एस्टोनियातून स्वस्त दारू येईल म्हणून, 1 मार्च 2004 रोजी स्वतःचाच मद्यकर सरासरी एक तृतीयांशाने उतरवला. त्या वर्षी खप सुमारे दहा टक्क्यांनी वाढला आणि दारूशी संबंधित आकस्मिक मृत्यू 17 टक्क्यांनी. हद्दीवरची गळती रोखायला कर उतरवणे, म्हणजे गळके छप्पर काढून टाकण्यासारखे झाले. त्यापेक्षा उत्पादन शुल्क विभागाचा सीमेवरचा नाका स्वस्तात पडतो.

पैशांइतकीच वेळ आणि अंतर हीदेखील किंमतच. धाराशिव जिल्ह्यात महानगरपालिका नाही. अशा भागात देशीचे दुकान रात्री दहाला आणि वाइन शॉप साडेदहाला बंद व्हायचे असते. 24, 25 आणि 31 डिसेंबरला मात्र राज्य सरकार हीच दुकाने रात्री एकपर्यंत उघडी ठेवायची सवलत देत आले आहे. दहाची वेळ का महत्त्वाची? दिवसा घेतलेली बाटली बहुधा ठरवून घेतलेली असते. रात्री उशिरा घेतलेली, आधीची संपली म्हणून आणलेली दुसरी असते. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने 2010 मध्ये रात्री दहा ते पहाटे पाच दुकानांतली मद्यविक्री बंद केली. हॉटेले आणि बार चालूच होते. तरीही दारूच्या अतिसेवनाने रुग्णालयात येणाऱ्या किशोर आणि तरुणांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी उतरली. हा परिणाम शटर खरेच पडले तरच मिळतो. मागच्या दाराने किंवा ढाब्यावर ब्लॅकने क्वार्टर मिळत असेल, तर दहाची वेळ फक्त दर वाढवते.

अंतराचा मोठा प्रयोग देशाने 2017 मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली मद्यविक्री 1 एप्रिलपासून थांबली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा 220 मीटर झाली. या जिल्ह्याची बाजारपेठच हमरस्त्यांच्या कडेने वाढलेली आहे. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्याकडून जातो. पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यातून. आदेशामागचा हेतू चालकाला दारूपासून दूर ठेवण्याचा होता. पुढे जुलै 2017 मध्ये शहरांच्या हद्दीतली दुकाने या बंदीत येत नाहीत, असा खुलासा झाला आणि बरीच शटरे पुन्हा उघडली.

अंतर वाढवण्याचा अधिकार गावाच्या हातातही आहे. एकूण किंवा महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी अर्ज केला, तर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकायला मात्र झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला गेलेल्या बाईचे नाव यादीत असते आणि ती मतदानाला येऊ शकत नाही. तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूनेच धरले जाते. तोडणीच्या हंगामात मतदान लागले, तर हा फरक निकाल फिरवू शकतो.