होकार नेमका कुठे पोचला?

मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक कायद्याच्या पेपरला हमखास येणारा प्रश्न म्हणजे दोन व्यापाऱ्यांची गोष्ट. एकाने पत्र पाठवले, दुसऱ्याने होकार कळवला, मधेच पहिल्याचे मन बदलले. आता करार झाला की नाही? भारतीय करार कायदा, १८७२ या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टींवरून देतो: प्रस्ताव, स्वीकृती आणि प्रतिफल. कायद्याने अंमलात आणता येईल असा करार होण्यासाठी कलम १० प्रमाणे पक्षांची पात्रता, मुक्त संमती आणि कायदेशीर उद्देशही लागतात. पण परीक्षेतली आणि बाजारातली बहुतेक भांडणे या तिघांपाशीच येऊन अडतात.

प्रस्ताव म्हणजे समोरच्याची संमती मिळावी म्हणून एखादी गोष्ट करण्याची किंवा न करण्याची तयारी दाखवणे. दुकानाच्या काचेत किमतीची चिठ्ठी लावून ठेवलेली वस्तू हा प्रस्ताव नव्हे. ते फक्त गिऱ्हाइकाला प्रस्ताव करण्याचे आमंत्रण असते. प्रस्ताव गिऱ्हाईक करते आणि तो घ्यायचा की नाही हे दुकानदार ठरवतो. भाव सांगणे आणि विकायला तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ उत्तरपत्रिकांत त्या एक समजल्या जातात.

स्वीकृती कलम ७ प्रमाणे संपूर्ण आणि बिनशर्त लागते. ‘भाव मान्य, पण गाडीभाडे तुमचे’ असे कळवले तर स्वीकृती होत नाही. तो नवा प्रस्ताव होतो आणि जुना तिथेच संपतो. दुसऱ्या दिवशी ‘बरे, गाडीभाडे मीच देतो’ म्हटल्याने जुना प्रस्ताव जिवंत होत नाही. आता मान्य करायचे की नाही हे पहिल्याच्या हातात असते.

खरा गुंता वेळेचा. समजा, नाशिकच्या एका कारखानदाराने कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला एक यंत्र दोन लाख रुपयांना विकण्याचा प्रस्ताव १ एप्रिलला टपालाने पाठवला. पत्र ३ तारखेला कोल्हापुरात मिळाले. त्याच दिवशी नाशिककराला जास्त भाव देणारा दुसरा गिऱ्हाईक भेटला आणि त्याने प्रस्ताव मागे घेतल्याचे पत्र टाकले. इकडे व्यापाऱ्याने ४ तारखेला होकाराचे पत्र पेटीत टाकले. माघारीचे पत्र त्याला ५ तारखेला मिळाले आणि होकाराचे पत्र नाशिकला ६ तारखेला पोचले.

विद्यार्थी सहसा अडखळतो तो इथे. माघारीचे पत्र आधी लिहिले गेले, होकार नंतर. म्हणून करार नाही, असे तो लिहितो. पण कलम ४ वेळ मोजताना ‘कोणाच्या विरुद्ध’ हे विचारते. स्वीकृतीचे पत्र स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर गेले, म्हणजे टपालात पडले, की ती प्रस्ताव करणाऱ्याविरुद्ध पूर्ण होते. प्रस्तावाची माघार मात्र, ज्याला ती कळवायची त्याला कळल्याशिवाय त्याच्याविरुद्ध लागू होत नाही. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला माघार ५ तारखेला कळली, त्याची स्वीकृती ४ तारखेलाच नाशिककराला बांधून गेली होती. म्हणून करार झाला, आणि नाशिककराने यंत्र दुसऱ्याला विकले तर नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो.

त्याच कायद्यात उलट बाजूही आहे. स्वीकृती देणारा स्वतः तोवर बांधला जात नाही. ती त्याच्याविरुद्ध पूर्ण होते ती प्रस्ताव करणाऱ्याला कळल्यावर, म्हणजे ६ तारखेला. तोपर्यंत फोन करून होकार मागे घेण्याची मुभा कोल्हापूरकराला होती. इंग्लंडच्या कायद्यात टपालातले स्वीकृतीचे पत्र सामान्यतः दोघांनाही लगेच बांधते; भारतीय कायद्याने इथे वेगळी वाट धरली. इंग्रजी पुस्तकातून पाठ केलेले उत्तर इथे चुकते, म्हणून तारखांशेजारी ‘कोणाविरुद्ध’ हा रकाना काढून उत्तर लिहिणे सुरक्षित.

टेलिफोनने हा नियम अडचणीत आणला. १९५९ च्या जुलैत अहमदाबादच्या गिरधारीलाल परशोत्तमदास या पेढीचा बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी व ऑइल मिल्सशी ट्रंककॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. माल पुरवला नाही म्हणून अहमदाबादकरांनी अहमदाबादच्या न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. केडियांचे म्हणणे असे की, प्रस्ताव अहमदाबादहून आला, होकार खामगावात दिला गेला, म्हणजे करार खामगावात झाला. अहमदाबादच्या न्यायालयाला हा दावा ऐकण्याचा अधिकारच नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बहुमताने असे ठरवले की, टपालाचा नियम ही खास सोय आहे आणि ती टेलिफोनला लागू नाही. फोनवर दोघे समोरासमोर बोलल्यासारखेच असतात, म्हणून होकार जिथे ऐकला गेला तिथे करार पूर्ण होतो. तो अहमदाबादेत ऐकला गेला, दावा तिथे चालू शकतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. त्यांच्या मते कलम ४ चे शब्द स्पष्ट आहेत: होकार बोलणाऱ्याच्या हाताबाहेर गेला की पुरे, आणि तो खामगावात गेला. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे, कायदा १८७२ चा. न पाहिलेल्या यंत्राला जुने शब्द लावायचे की त्यामागचे तत्त्व, हा वाद त्या निकालात उघड दिसतो. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने हे विरोधी मतही वाचावे, कारण कलमाच्या शब्दांचा आधार त्याच्याच बाजूने अधिक भक्कम वाटतो. पण निर्णय बहुमताचा आहे आणि उत्तर त्याप्रमाणेच लिहायचे.

प्रस्ताव आणि स्वीकृती जुळली तरी प्रतिफल नसेल, तर कलम २५ मधले अपवाद सोडता, करार निरर्थक ठरतो. प्रतिफल म्हणजे वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणी केलेली किंवा टाळलेली गोष्ट. ‘इच्छेवरून’ हे शब्द महत्त्वाचे. १८८० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे असा एक खटला आला की, दुर्गाप्रसादांनी कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजार बांधला. त्या बाजारात दुकान घेतलेल्या व्यापाऱ्यांनी नंतर त्यांना विक्रीवर दलाली देण्याचे वचन दिले आणि पुढे मोडले. दावा फेटाळला गेला, कारण बाजार व्यापाऱ्यांच्या इच्छेवरून बांधला नव्हता. व्यापाऱ्यांना फायदा झाला एवढे पुरेसे नव्हते.

याच्या शेजारी १८८६ चा कलकत्त्याचा निकाल ठेवावा. हावड्याला नगरभवन बांधायचे म्हणून एका गृहस्थाने १०० रुपये वर्गणी लिहून दिली. वर्गण्यांच्या भरवशावर मंडळींनी कंत्राटदाराशी करार केला, आणि त्याने मग पैसे देण्याचे नाकारले. न्यायालयाने त्याला पैसे देण्यास बांधील धरले, कारण त्याच्या वचनावर विसंबून खर्चाची जबाबदारी घेतली गेली होती. मंडळींनी काहीच केले नसते, तर तीच वर्गणी वसूल करता आली नसती.

किंमत कमी असणे मात्र अडचण नाही. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना देण्याचा सौदा संमती मुक्त असेल तर वैध, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. फक्त इतक्या कमी किमतीवरून संमती खरोखर मुक्त होती का, हे न्यायालय तपासू शकते.