लाट आधीच ठाऊक आहे, मग ती मोजायची कशाला?

लाटांचं गणित करणाऱ्याला, मग तो अँटेना बनवणारा असो की ध्वनीचा अभ्यासक, एका प्रकारच्या क्षेत्रफळाशी वारंवार गाठ पडते. एखादं शांत, हळूहळू बदलणारं फल असतं आणि त्याला भराभर वरखाली होणाऱ्या साइन किंवा कोसाइनने गुणलेलं असतं. या गुणाकाराचं इंटिग्रेशन करायचं, म्हणजे त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं. अक्षाच्या वरचा भाग अधिक आणि खालचा वजा धरायचा. शांत फल बहुतेक वेळा सूत्ररूपात नसतंच. ते प्रयोगातून किंवा दुसऱ्या एखाद्या लांबलचक आकडेमोडीतून आलेलं असतं, म्हणून क्षेत्रफळ आकडे घेऊनच काढावं लागतं.

पद्धती पारखायच्या तर असं उदाहरण घ्यावं ज्याचं अचूक उत्तर हाती आहे. शांत फल e^x घेऊ. x शून्यापासून एकापर्यंत जाताना ते १ वरून २.७१८३ पर्यंत चढतं. त्याला cos(200πx) ने गुणू, म्हणजे याच टप्प्यात शंभर पूर्ण लाटा बसतात. कॉलेजातल्या खंडशः संकलनाने याचं उत्तर दोन ओळींत निघतं: (e − 1)/(1 + ω²), जिथे ω = 200π. आकड्यांत ते ०.०००००४३५२ भरतं. शून्यं मोजत बसायला नको म्हणून पुढे दशलक्षांशांत बोलू. खरं उत्तर ४.३५२ दशलक्षांश.

उत्तर इतकं चिमुकलं का, हे आधी पाहायला हवं. प्रत्येक लाटेचा वरचा फुगवटा आणि खालचा खळगा जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते केवळ e^x लाटेगणिक थोडंसं बदलत गेल्यामुळे. मोठमोठ्या आकड्यांची वजाबाकी होऊन हाती कणभर शिल्लक राहते आणि आपल्याला हवा असतो नेमका तोच कण.

आता नेहमीची पद्धत लावू. समलंब नियमात टप्प्याचे सारखे भाग पाडायचे, भागांच्या टोकांवर गुणाकाराची किंमत काढायची, लगतचे बिंदू सरळ रेषांनी जोडायचे आणि तयार झालेल्या समलंब चौकोनांची क्षेत्रफळं मिळवायची. शंभर भाग घेतले तर उत्तर येतं १.७१८३. दशलक्षांश नव्हे, सरळ १.७१८३. आपण नेमके प्रत्येक लाटेच्या माथ्यावर थांबलो, तिथे कोसाइन दरवेळी १, त्यामुळे लाट नियमाला दिसलीच नाही. त्याने इमानेइतबारे नुसत्या e^x चं क्षेत्रफळ काढून दिलं. सिनेमात धावत्या बैलगाडीचं चाक कधी कधी जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं, तोच हा प्रकार.

खरा धोका याच्या पुढे आहे. भाग दुप्पट करून पाहा आणि उत्तर बदलेनासं झालं की थांबा, हा आकडेमोडीतला जुना सल्ला. इथे पंचवीस भागांना १.७१८५, पन्नासला १.७१८३४ आणि शंभरला १.७१८३० येतं. स्वतःची खात्री करून घेणारा प्रोग्रॅमसुद्धा यावर समाधानाने थांबेल. उत्तर स्थिरावलं खरं, पण ते भलत्याच प्रश्नाचं.

दोनशे भाग केले की नियमाला माथा आणि तळ दोन्ही दिसतात, आणि उत्तर १०.७४ दशलक्षांश येतं, खऱ्याच्या जवळजवळ अडीच पट. चारशे भागांना ५.३७. हजार भागांना ४.५०, म्हणजे तेव्हाही सुमारे साडेतीन टक्के चूक. दहा हजार भाग केल्यावर कुठे ४.३५४ मिळतं. सरळ रेषांऐवजी अन्वस्ताचे तुकडे बसवणारा सिम्पसनचा नियम एरवी जास्त हुशार समजला जातो. दोनशे भागांवर त्याने दिलेलं उत्तर आहे उणे ०.५७३! माथा आणि तळ यांना तो वेगवेगळं वजन देतो, त्यामुळे त्यांची काटछाटच बिघडते. भाग पुरेसे बारीक केले की तो समलंब नियमाच्या पुढे जातो, हे कबूल. पण त्यासाठी प्रत्येक लाटेत काही बिंदू पडावेच लागतात. लाटा दसपट झाल्या की बिंदूही दसपट हवेत. शांत फलाची एकेक किंमत काढायला तासभर लागत असेल, तर हा हिशेब परवडत नाही.

१९२८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राध्यापक लुई नेपोलियन जॉर्ज फिलॉन यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीसाठी लिहिलेल्या एका निबंधात यावर उपाय दिला. मला तो त्याच्या साधेपणामुळे आवडतो. सिम्पसन अन्वस्त बसवतो तो संपूर्ण गुणाकारावर. फिलॉन यांचं म्हणणं असं की, लाट तर आपल्याला पुरती ठाऊक आहे, ती अन्वस्ताने गिरवायची गरजच नाही. अन्वस्त बसवा फक्त शांत फलावर, आणि त्या अन्वस्ताचा कोसाइनशी गुणाकार सूत्राने, अगदी अचूक, संकलित करा.

आपल्या उदाहरणात हे कागदावर करता येतं. e^x च्या फक्त तीन किंमती घेऊ: x = 0 ला १, मध्यावर १.६४८७ आणि x = 1 ला २.७१८३. या तीन बिंदूंतून जाणारा अन्वस्त आहे 1 + 0.8766x + 0.8417x². आता एकेका पदाला कोसाइनने गुणू. नुसता १ असेल तर पूर्ण लाटांवर बेरीज शून्य. x च्या पदाचीही शून्य, कारण लाट माथ्यावर सुरू होऊन माथ्यावरच संपते. उरतं x² चं पद, आणि त्याच्या वाट्याला प्रत्येक एककामागे 2/ω² येतं. ω² आहे सुमारे ३,९४,७८४. तेव्हा उत्तर २ × ०.८४१७ भागिले ३,९४,७८४, म्हणजे ४.२६४ दशलक्षांश.

तीन बिंदू आणि चूक दोन टक्के. समलंब नियमाला हजार भाग करूनही हे साधलं नव्हतं. टप्प्याचे दोन तुकडे करून पाच बिंदू घेतले तर ४.३३० येतं, चूक अर्ध्या टक्क्यावर.

शिवाय हे उदाहरण फिलॉनच्या पद्धतीला जरा प्रतिकूलच होतं, कारण लाटा पूर्ण शंभर असल्याने साइनचं मुख्य पद शेवटच्या टोकाला शून्य झालं. ω = 100 घेतलं तर टप्पा लाटेच्या अधेमधे संपतो आणि खरं उत्तर येतं −०.०१३६२८७. त्याच तीन बिंदूंतून फिलॉनचं उत्तर −०.०१३६३०५. चूक एका टक्क्याच्या सत्तराव्या भागाइतकी. कारण खंडशः संकलनात दिसतं: लाटा जलद असल्या की उत्तराचा मोठा वाटा टप्प्याच्या दोन टोकांवरच्या किंमतींतून येतो, आणि त्या किंमती अन्वस्ताला तंतोतंत माहीत असतात. उरलेली चूक 1/ω² च्या हिशेबाने घटते. म्हणजे नेहमीचे नियम जिथे धापा टाकतात, तिथे ही पद्धत उलट अधिक अचूक होत जाते.

जाळं आहे ते दुसऱ्या टोकाला. लाटा संथ असतील तर फिलॉनची सूत्रं कागदावर बरोबरच असतात, संगणकावर मात्र गडबडतात. दोन बिंदूंमधलं अंतर गुणिले ω या संख्येला θ म्हणू. सूत्रातल्या एका गुणकात 1/θ सारखी मोठी पदं एकमेकांतून वजा होऊन सुमारे 2θ³/45 इतकीच शिल्लक उरते. θ जर ०.००१ असेल तर हजार-दोन हजारांच्या आकड्यांतून एकाच्या दहा अब्जाव्या भागापेक्षाही लहान संख्या काढायची असते. संगणक सोळा-एक अंक सांभाळतो, त्यातले दोन-तीनच विश्वासाचे उरतात. म्हणून θ लहान असताना गुणकांसाठी घातश्रेणी वापरतात. θ शून्याकडे गेला की तेच गुणक सिम्पसनचे होतात, त्यामुळे अशा वेळी सरळ सिम्पसन वापरलं तरी बिघडत नाही.

दुसरी मर्यादा मूळचीच आहे. cos(ωx) मध्ये लाट एकसारख्या वेगाने धावते. पण cos(ωx²) घेतलं तर शून्यापाशी लाट क्षणभर थबकते आणि मग वेग घेते. जिथे ती थबकते तिथे काटछाट होत नाही, आणि उत्तराचा मोठा भाग तिथूनच येतो: टोकांचा वाटा 1/ω च्या प्रमाणात, तर या जागेचा 1/√ω च्या. इंद्रधनुष्याच्या आतल्या कडेला दिसणाऱ्या जादा पट्ट्यांचं गणित असंच आहे. जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये त्यासाठी एक इंटिग्रल मांडलं, त्यात कोसाइनच्या पोटात घन होता. आकडे घेऊन घेऊन त्यांनी जो तक्ता केला त्यात पहिले दोनच काळे पट्टे बसले. केंब्रिजचे खनिजशास्त्रज्ञ मिलर यांनी मात्र प्रयोगात तीस पट्टे मोजले होते. १८५० मध्ये स्टोक्स यांनी जलद लाटांचा फायदा घेणारी श्रेणी काढली आणि पट्ट्यांच्या पन्नास जागा काढून दाखवल्या. फिलॉनच्या पाऊणशे वर्षं आधी!

वेग बदलणाऱ्या पण कुठेही न थबकणाऱ्या लाटेसाठी डेव्हिड लेव्हिन यांनी १९८२ मध्ये निराळी वाट काढली. क्षेत्रफळ काढण्याऐवजी ते असं एक संथ फल शोधतात, की त्याला लाटेने गुणून अवकलन केलं की मूळ गुणाकार परत मिळावा. ते सापडलं की दोन टोकांच्या किंमतींची वजाबाकी हेच उत्तर. लाट थबकत असेल तर ती जागा आधी वेगळी काढून तिचा स्वतंत्र हिशेब करावा लागतो.

संगणकावर पायथन वापरणाऱ्यांना यातलं काही स्वतः लिहायची गरज नाही:

```
import numpy as np
from scipy.integrate import quad
quad(np.exp, 0, 1, weight='cos', wvar=200*np.pi)
```

इथे पहिल्या जागी फक्त शांत फल दिलं आहे. लाट `weight` आणि `wvar` मधून वेगळी सांगितली आहे. आत चालतो तो १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आलेला क्वाडपॅक हा संच. तो अन्वस्ताऐवजी वरच्या घाताची बहुपदं बसवतो, पण सूत्र फिलॉनचंच, आणि एखाद्या तुकड्यात लाट संथ असेल तर तो आपण होऊन साध्या नियमावर येतो. गुणाकार करून एकच फल दिलंत तर मात्र हा सगळा फायदा हातचा जातो.

उत्तर कोणत्याही पद्धतीने काढा, एक तपासणी मिनिटात होते. शांत फलाच्या दोन्ही टोकांच्या किंमती, चिन्ह सोडून, आणि मधल्या प्रवासातला त्याचा एकूण चढउतार यांची बेरीज करून तिला ω ने भागा. खरं उत्तर त्याहून मोठं असूच शकत नाही. आपल्या उदाहरणात ही मर्यादा २.७१८ अधिक १ अधिक १.७१८ भागिले ६२८, म्हणजे ०.००८७ च्या आत येते. समलंब नियमाचं १.७१८३ आणि सिम्पसनचं उणे ०.५७३, दोन्ही इथेच बाद होतात.