मस्कतची टोपली: 2007 ते 2024

जानेवारी 2016 मध्ये ब्रेंट क्रूडचा भाव पिंपाला 30 डॉलरच्या खाली गेला होता. नेमक्या त्याच महिन्यात मस्कतच्या पंपावर सुपर पेट्रोल लिटरला 120 बैसांवरून 160 बैसांवर गेलं. जगात तेल स्वस्त होत होतं आणि तेल विकणाऱ्या देशात पेट्रोल एक तृतीयांशाने महागत होतं. सहा वर्षांनी याच्या बरोबर उलट घडलं. 2022 मध्ये क्रूड शंभर डॉलरच्या वर गेलं, पण मस्कतमधला पेट्रोलचा भाव जागचा हलला नाही. ओमानच्या महागाईकडे मागे वळून पाहताना मी या दोन वर्षांपाशी पुन्हा पुन्हा येतो. भारतात शिकलेला महागाईचा हिशेब इथे का जुळत नाही, ते या दोन वर्षांत स्वच्छ दिसतं.

सुरुवात मात्र 2007 पासून करायला हवी. त्या वर्षी ओमानमधली ग्राहक महागाई सहा टक्क्यांच्या आसपास होती आणि पुढच्याच वर्षी ती बारा टक्क्यांच्या पुढे गेली. रियाल डॉलरला बांधलेला आहे. 1986 पासून एक रियाल म्हणजे सुमारे 2.60 डॉलर, हे प्रमाण बदललेलं नाही. डॉलर घसरला तसा रियालही घसरला, आणि बाहेरून येणारा तांदूळ, गहू, डाळ सगळं महागलं. त्यातच भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात आधी आवळली आणि मग बंद केली. मस्कतमधल्या रुवीच्या दुकानांत तांदळाच्या गोणीचा भाव विचारायला भीती वाटावी असे ते महिने होते.

अशा वेळी मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते. मस्कतला ती मोकळीक नव्हती. चलन डॉलरला बांधलं की व्याजदरही वॉशिंग्टनच्या मागे जातात, आणि अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह तेव्हा दर वाढवत नव्हती, झपाट्याने उतरवत होती. सप्टेंबर 2007 मध्ये 5.25 टक्के असलेला दर एप्रिल 2008 च्या अखेरीस 2 टक्क्यांवर आला. ओमानमध्ये बारा टक्के महागाई आणि कर्ज मात्र स्वस्त, अशी अवस्था झाली. कुवेतने मे 2007 मध्ये डॉलरची एकेरी गाठ सोडली. ओमानने सोडली नाही.

कोअर इन्फ्लेशन, म्हणजे गाभ्याची महागाई, या कल्पनेचा प्रश्न इथेच उभा राहतो. अन्न आणि इंधन यांचे भाव वर-खाली उसळतात. ते वगळून उरलेल्या वस्तूंची चाल पाहिली तर महागाई खरोखर मुरते आहे की येऊन जाणारी आहे, हे व्याजदर ठरवणाऱ्याला कळतं. ज्या देशाला स्वतःचा व्याजदर ठरवताच येत नाही, तिथे हा आकडा वापरणार कोण? शिवाय 2008 चं ओमानमधलं खरं दुखणं तांदळाच्या गोणीतच होतं. ती बाजूला काढून महागाई मोजणं म्हणजे ताप मोजताना कपाळ वगळण्यासारखं होतं.

आता पुन्हा त्या दोन वर्षांकडे. समजा, एखाद्या घराचा महिन्याचा खर्च 100 रियाल आहे आणि त्यातले 10 पेट्रोलवर जातात. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. 2016 सारख्या वर्षी पेट्रोल एक तृतीयांशाने महागलं आणि बाकी काहीच हललं नाही, तर एकूण महागाई 3.3 टक्के होते आणि गाभ्याची शून्य. पुस्तकात असंच असतं. पण ही उसळी बाजाराची नव्हती. तेलाचं उत्पन्न आटल्यामुळे सरकारने अनुदान काढून घेतलं होतं, आणि भाव पुन्हा जुन्या पातळीला येण्याची शक्यता नव्हती. वर-खाली होणारी म्हणून वगळलेली वस्तू प्रत्यक्षात कायमची महागली होती.

आता 2022. सरकारने ऑक्टोबर 2021 च्या सरासरीवर इंधनाचे भाव गोठवले: एम-91 पेट्रोल 229 बैसा, एम-95 पेट्रोल 239, डिझेल 258. त्याच घरात पेट्रोल स्थिर राहिलं आणि बाकी 90 रियालांच्या वस्तू 3 टक्क्यांनी महागल्या, तर एकूण महागाई 2.7 आणि गाभ्याची 3 येते. म्हणजे इंधन काढून टाकल्यावर आकडा शांत होण्याऐवजी चढतो, कारण टोपलीतली सर्वांत स्थिर वस्तूच आपण बाहेर काढली. त्या वर्षी ओमानची सरासरी ग्राहक महागाई तीन टक्क्यांच्या आतच राहिली. अमेरिकेत ती जूनमध्ये 9.1 वर होती. पंपावर न भरलेला फरक सरकारी तिजोरीतून जात होता, आणि तिजोरी कुठल्याच ग्राहक निर्देशांकाच्या टोपलीत नसते.

भारतात त्या वर्षी मे महिन्यात ग्राहक महागाई सात टक्क्यांच्या जरा वर आणि घाऊक महागाई जवळपास सोळा होती. आपल्या घाऊक निर्देशांकात कारखान्यांतल्या मालाचं वजन 64 टक्के आहे, आणि घरभाडं, शाळा, डॉक्टर, एसटीचं तिकीट यांतलं काहीच त्यात नाही. 2011-12 या पायाच्या मालिकेत अप्रत्यक्ष करही धरलेले नाहीत. तरी त्यातली वाढ ही वाईट बातमी असते, कारण कारखानदाराला महाग पडलेलं इंधन उद्या आपल्या बिलात येतं. ओमानमध्ये घाऊकच्या जागी उत्पादक किंमत निर्देशांक आहे, आणि त्यावर तेल आणि वायू यांचा पगडा आहे. क्रूड चढलं की तो उसळतो. पण त्या उसळीत देशाचं उत्पन्न असतं, महागाईची चाहूल नव्हे. 2016 मध्ये तो पडला आणि नागरिकाचं पेट्रोल महागलं, 2022 मध्ये तो चढला आणि पेट्रोल गोठलं. उत्पादक भाव आज वाढले की ग्राहक भाव उद्या वाढतील, हा मुंबईत पाठ झालेला नियम इथे लावला तर दोन्ही वेळा चुकेल. एप्रिल 2021 मध्ये लागू झालेला पाच टक्के मूल्यवर्धित कर तर उत्पादक निर्देशांकाला दिसलाच नाही. तो थेट दुकानातल्या पावतीवर उतरला.

आणि कांदा. 8 डिसेंबर 2023 ला भारताने कांद्याची निर्यात थांबवली. लासलगावला भाव कोसळले, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. तोच कांदा न आल्याने आखातात तो महागला. एकाच आदेशाने एका टोपलीतली महागाई उतरवली आणि दुसरीतली चढवली. लासलगावच्या शेतकऱ्याचं गेलेलं उत्पन्न मात्र दोन्ही टोपल्यांच्या बाहेर राहिलं. 4 मे 2024 ला बंदी उठली. त्या वर्षाची ओमानची सरासरी महागाई एक टक्क्याच्याही खाली आहे. कांदा त्या सरासरीत विरघळून गेला.

या सगळ्या वर्षांत एक खर्च मला कुठल्याच टोपलीत शोधूनही सापडला नाही: घरी पाठवलेले पैसे. निर्देशांक उपभोगाचा असतो, आणि गावी पाठवलेली रक्कम हा ओमानमधला उपभोग नाही. कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या, कंपनीच्या बसने जाणाऱ्या कामगाराला भाडं नाही, पेट्रोल नाही. त्याच्या पगाराचा मोठा भाग सावंतवाडीत किंवा साताऱ्यात खर्च होतो. 2008 च्या सुरुवातीला 50 रियालांचे साधारण 5,100 रुपये होत. 2024 मध्ये 10,800 च्या आसपास होऊ लागले. दुप्पट झाले म्हणून एक्स्चेंजच्या रांगेत समाधान दिसायचं. पण तेवढ्या काळात भारतातल्या किमती अडीच पटींहून अधिक झाल्या होत्या. पाठवणीची रक्कम तीच ठेवणाऱ्याच्या घरी, रुपये दुप्पट येऊनही, पूर्वीपेक्षा कमी किराणा येत होता. मस्कतमध्ये जाहीर होणारी एक टक्का महागाई त्याच्या बायकोच्या वाणसामानाच्या यादीला कुठेच शिवत नव्हती.