दोन दशांश टक्क्यांची किंमत

एनपीएसचं खातं उघडताना अर्जात पेन्शन फंड निवडायचा रकाना असतो. बहुतेक जण ओळखीच्या बँकेचं नाव पाहून खूण करतात आणि पुढे जातात. नंतर वर्षाचं स्टेटमेंट येतं. खात्याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं शुल्क त्यात दिसतं, कारण त्यापोटी आपली युनिटं कापली जातात. फंड मॅनेजरचं शुल्क मात्र कुठंच दिसत नाही. ते रोज थोडं थोडं योजनेच्या मालमत्तेतून वजा होतं आणि उरलेल्यावर एनएव्ही ठरते.

नेहमीच्या योजनांमध्ये हे शुल्क वर्षाला साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. त्याचे टप्पे पीएफआरडीएनं ठरवून दिलेत, त्यामुळे एका मॅनेजरपासून दुसऱ्याच्या शुल्कात फारसा फरक नसतो. ऑक्टोबर २०२५ पासून मात्र खासगी खातेदारांसाठी नव्या धर्तीच्या योजना आल्या. त्यांच्या सुरुवातीच्या नियमांत शुल्क ०.३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होतं. म्हणजे फरक होता तो सुमारे ०.२ टक्क्यांचा.

वर्षाला ६०,००० रुपये भरणाऱ्याला पहिल्या वर्षी हा फरक १२० रुपयांचा वाटेल. पण शुल्क वर्षाच्या भरण्यावर लागत नाही, साठलेल्या सगळ्या रकमेवर लागतं. शिल्लक ९० लाख झाली की तेच ०.२ टक्के वर्षाला १८,००० रुपये होतात. शिवाय आधी कापलेल्या पैशांवर जे व्याजावर व्याज मिळालं असतं, तेही गेलेलं असतं.

हिशेब मांडून पाहू. दर वर्षाअखेरीस ६०,००० रुपये, असे तीस वर्षं भरले आणि शुल्कापूर्वीचा परतावा १० टक्के धरला, तर ०.१ टक्के शुल्कात सुमारे ९६.८ लाख जमतात. ०.३ टक्क्यांत ९३.३ लाख. तफावत साडेतीन लाखांच्या वर, म्हणजे जवळपास सहा वर्षांच्या भरण्याइतकी. शुल्क १ टक्का असतं, तर हातात ८१.८ लाखच आले असते.

म्हणून स्वस्त तेच घ्यावं, असं नाही. नव्या योजनेत शेअर्सचा वाटा शंभर टक्क्यांपर्यंत असू शकतो, त्यामुळे तिची तुलना निम्मे रोखे असलेल्या योजनेशी करणं चूक. इक्विटीची तुलना इक्विटीशी, सरकारी रोख्यांची सरकारी रोख्यांशी, टियर एकची टियर एकशीच करावी. एका वर्षाचा परतावा बाजूला ठेवून पाच-दहा वर्षांचा पाहावा. जाहीर परतावा एनएव्हीवरून काढलेला, म्हणजे शुल्क वजा जाऊनच असतो. त्यातून ते पुन्हा वजा करू नये. १५ रुपयांची एनएव्ही ५० रुपयांच्या एनएव्हीपेक्षा स्वस्त, हाही गैरसमजच.

मॅनेजर आर्थिक वर्षातून एकदा बदलता येतो. पण नेहमीच्या योजनेत शुल्कातल्या शंभराव्या हिश्शासाठी, किंवा गेल्या वर्षीचा पहिला नंबर पाहून, ही धावपळ करण्यात अर्थ नाही. जास्त शुल्काची योजना घेताना मात्र एकच विचारावं: नेहमीच्या योजनेत जे मिळत नाही, असं हिच्यात नेमकं काय आहे?